माफी मागणारी ईद

मलेशियात रमजान संपला की फोनवर शुभेच्छा येते: ‘सलामत हारी राया, माफ झाहिर दान बातिन’. म्हणजे ईद मुबारक, आणि उघडपणे किंवा मनातल्या मनात तुमचं काही वाईट केलं असेल, तर क्षमा करा. याला नुसतं ‘माफ केलं’ म्हणून चालत नाही. तसं म्हणणारा उगाच वरचढ ठरतो! उत्तरात आपणही तीच क्षमा मागायची. मित्रांमध्ये ‘कोसोंग-कोसोंग’, म्हणजे शून्य-शून्य, एवढंही पुरतं. आईवडिलांपुढे मात्र निरोप भागत नाही. सकाळच्या नमाजानंतर मुलं गुडघ्यांवर बसून त्यांचे हात चुंबतात आणि माफी मागतात. उसने घेतलेले पैसे मात्र या शून्यात बसत नाहीत. ते परतच करावे लागतात.