दहा मात्रांचा रणगाडा

इमर्सन, लेक अँड पामर या इंग्लिश त्रिकुटाची ‘टार्कस’ ही तबकडी १९७१ साली आली. तिची पहिली बाजू एकाच रचनेने व्यापली आहे आणि ती रचना वीस मिनिटांच्या थोडी वर जाते. हा आकडा काही केवळ कलावंताच्या लहरीतून आलेला नाही. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत नीट मावतं. त्याहून जास्त भरलं तर खोबणी एकमेकींच्या जवळ येतात आणि आवाज बारीक करावा लागतो. प्रोग्रेसिव्ह रॉकमधल्या, म्हणजे चाहते ज्याला प्रॉग म्हणतात त्यातल्या, कितीतरी गाजलेल्या रचना वीस मिनिटांच्या आसपास का संपतात, याचं एक साधं उत्तर या खोबणीत आहे.

‘टार्कस’ची सुरुवात होते ‘इरप्शन’ या भागाने. जेमतेम पावणेतीन मिनिटांचा हा तुकडा पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे. ठोका अर्धा करून मोजला तर दहा. रॉक ऐकणाऱ्याचा पाय चार ठोक्यांना सरावलेला असतो. इथे पाचवा येतो आणि पाय चुकतो. झपताल ऐकलेल्या माणसाला दहाचं एवढं कौतुक वाटणार नाही, पण फरक लक्षात घ्यायला हवा. झपतालात टाळी आणि खाली आपल्याला वाट दाखवतात, समेवर येण्याचं सुख असतं. कीथ इमर्सनचा डावा हात मात्र तीच आकृती विसावा न देता घोटत राहतो आणि उजवा हात तिच्यावर आघात करत सुटतो. ऐकणाऱ्याला टेकायला जागाच मिळत नाही. रणगाड्याच्या पट्ट्यांवर चालणारा एक आर्माडिलो वेष्टनावर रंगवला आहे, त्याला हे संगीत शोभतं.

गायक आणि बासवादक ग्रेग लेकला हे मुळीच रुचलं नव्हतं. असलं वाजवायचं असेल तर स्वतःच्या स्वतंत्र तबकडीवर वाजव, अशी त्याची भूमिका होती. बँड मोडेल की काय, इथवर गोष्ट गेली. अखेर तो तयार झाला, आणि त्या तडजोडीची खूण रचनेत स्पष्ट दिसते. सात भागांपैकी पहिला, तिसरा, पाचवा आणि सातवा वाद्यांचा. दुसरा, चौथा आणि सहावा गाण्याचा. सहावा भाग, ‘बॅटलफील्ड’, तर एकट्या लेकचा.

चाहत्यांचं मुख्य भांडण इथेच आहे. ही एक रचना की सात तुकड्यांची शिवण? शिवण म्हणणाऱ्यांचा मुद्दा वजनदार आहे. आर्माडिलोची कथा वेष्टनाच्या चित्रांत आहे, गाण्यांच्या शब्दांत नाही. शब्द युद्धाबद्दल आणि धर्माच्या ढोंगाबद्दल बोलतात. दुसरी बाजू शेवटाकडे बोट दाखवते. सगळं संपत आलं असताना ‘इरप्शन’ची आकृती पुन्हा उसळते आणि मधल्या भागांना कुंपण घालते.

दुसरा वाद मूग सिंथेसायझरचा. प्रॉग म्हणजे सिंथेसायझर असं समीकरण झालं आहे, पण ‘टार्कस’चा बराच भार हॅमंड ऑर्गन उचलतो. इमर्सनचा मूग म्हणजे कपाटाएवढा पसारा, तारा या खाचेतून त्या खाचेत घालून आवाज तयार करायचा. एका वेळी एकच स्वर निघायचा, त्यामुळे त्यावर एका बोटाची धून वाजवता येई, सुरावटींचा गुच्छ नाही. मंचावरच्या दिव्यांनी यंत्र तापलं की सूर सरकायचा. म्हणून तो शेवटच्या ‘अ‍ॅक्वाटार्कस’मध्ये खरा पुढे येतो, संथ कूचगीतासारख्या ठेक्यावर घोंगावत. १९७४च्या जाहीर कार्यक्रमांच्या तबकडीवर हीच रचना सत्तावीस मिनिटांवर गेली आहे. वाढ कुठे झाली ते ऐकलं की ‘पाल्हाळ’ हा आरोप निराधार नाही हे कळतं. मूगचं एकलवादन तिथे लांबतच जातं. स्टुडिओत खोबणीने घातलेली मर्यादा मंचावर उरली नव्हती. पाल्हाळाचा दोष मी लांबीला देणार नाही. वीस मिनिटांत ती रचना घट्ट आहे, सत्तावीसमध्ये सैल.

समीक्षकांनी या मंडळींना आढ्यताखोर ठरवलं आणि १९७६-७७ नंतर पंकच्या गर्दीत ही चव जुनाट वाटू लागली. पण टोक्योत ताकाशी योशिमात्सू या संगीतकाराने २०१०मध्ये ‘टार्कस’ पूर्ण वाद्यवृंदासाठी लिहून काढलं, आणि २०१२मध्ये जपानच्या एनएचके वाहिनीच्या ऐतिहासिक मालिकेत ते वाजलं. मूग आणि हॅमंड काढून घेतल्यावरही जे उभं राहतं, ते नुसतं यंत्राचं नवल नसतं, असं माझं मत.

तुम्हाला स्वतः निवाडा करायचा असेल तर वीस मिनिटांची घाई करू नका. आधी फक्त ‘इरप्शन’ ऐका, बोटांवर दहा मोजत. मोजणी दुसऱ्या मिनिटापर्यंत टिकली, तर पुढचे सहा भागही ऐका.