ओव्हनमधली आंबोशी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मे महिन्यात वळीव अचानक येतो आणि गच्चीवरची आंबोशी भिजते. ज्यांच्याकडे गच्चीच नाही, ते या वाटेला जातच नाहीत. ओव्हनमध्ये आंबोशी उत्तम होते, पण काही समजुती आधी बाजूला ठेवाव्या लागतात.

गैरसमज: ओव्हन तापवला की काम लवकर होते.

सगळ्यात जास्त आंबोशी या घाईने बिघडते. फोडीतले पाणी आधी आतून पृष्ठभागाशी यावे लागते, मगच ते हवेत जाते. ओव्हन 120 अंशांवर ठेवला, तर आतले पाणी वर यायच्या आधीच बाहेरचा थर कडक होतो आणि त्याची वाट बंद करतो. अशी फोड वरून खडखडीत वाजते. बरणीत गेल्यावर मात्र आतला ओलावा हळूहळू बाहेर येतो आणि काही दिवसांत बुरशी दिसते. म्हणून तापमान 60 ते 65 अंश सेल्सिअसच हवे.

आपल्याकडच्या बऱ्याच ओटीजींचे बटण 100 अंशांपासून सुरू होते. तसे असेल तर ओव्हनचा थर्मामीटर जाळीवर ठेवा, दार उघडे ठेवा आणि लागेल तसा ओव्हन थोडा वेळ बंद करा. बटणावरच्या आकड्यापेक्षा थर्मामीटरवर विश्वास ठेवावा.

गैरसमज: दार बंद ठेवले की उष्णता वाया जात नाही.

वाळवायला उष्णतेइतकीच कोरडी, हलती हवा लागते. कोकणात मे महिन्यात ऊन कडक असूनही आंबोशीला दिवसामागून दिवस लागतात, ते हवा दमट असते म्हणून. बंद ओव्हनमध्ये फोडींचीच वाफ कोंडते आणि फोडी वाळण्याऐवजी शिजून मऊ पडतात. दारात लाकडी उलथने अडकवून चार-पाच सेंटिमीटरची फट ठेवा. ओव्हनमध्ये पंखा असेल तर तो चालू करा. घरात लहान मुले असतील तर उघड्या दाराजवळ कोणीतरी थांबायलाच हवे. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हा उपाय चालत नाही, कारण दार उघडताच तो बंद पडतो.

मांडणीही हवेचा विचार करूनच करायची. आंबट, घट्ट कैरी घ्या, साल आणि कोय काढा आणि सुमारे 5 मिलिमीटर जाडीच्या सारख्या फोडी करा. एक किलो फोडींना दोन मोठे चमचे मीठ चोळून तासभर ठेवा. सुटलेले पाणी निथळून फडक्याने टिपा. मग फोडी जाळीवर एकाच थरात, एकमेकींना न चिकटवता मांडा. सपाट ट्रेवर खालची बाजू ओलीच राहते. जाळीखाली मात्र थेंब झेलायला ट्रे ठेवावा. दर दोन तासांनी फोडी उलटा आणि जाळ्यांची जागा बदला, कारण कोणताही ओव्हन सगळीकडे सारखा तापत नाही. वाळताना फोडी तपकिरी झाल्या तरी घाबरू नका. उन्हातली आंबोशीही काळपटच होते.

गैरसमज: आठ तास झाले की आंबोशी झाली.

साधारण सहा ते दहा तास लागतात. पंखा नसेल आणि बाहेर पाऊस असेल तर याहूनही जास्त. त्यामुळे घड्याळापेक्षा वजन खरे सांगते. कैरीत सुमारे 85 टक्के पाणी असते. म्हणजे एक किलो फोडींची, अंगात मुरलेले मीठ धरूनही, नीट वाळलेली आंबोशी 200 ग्रॅमच्या आतच भरायला हवी. काटा 300 ग्रॅम दाखवत असेल तर त्यात अजून चाळीस टक्क्यांहून जास्त पाणी आहे, मग ती वरून कितीही कोरडी दिसो.

दुसरी परीक्षा हाताची. गरम फोड नेहमीच मऊ लागते, म्हणून तीन-चार फोडी बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. सर्वांत जाड फोड वाकवा. ती मोडली पाहिजे. मोडल्या जागी दाबल्यावर ओल जाणवता कामा नये.

एवढ्यावर बरणी कपाटात ठेवू नका. आंबोशी काचेच्या बरणीत दोन तृतीयांशच भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवून पाहा. काही फोडी जास्त वाळलेल्या असतात, काही कमी. या दिवसांत त्यांचा ओलावा सारखा होतो. काचेवर आतून दव दिसले तर सगळ्या फोडी पुन्हा ओव्हनमध्ये घाला. बुरशी दिसली तर सगळी बरणी टाकून द्या. वरची बुरशी पुसून उरलेली वापरणे धोक्याचे आहे.

ताज्या लाल मिरच्यांनाही हेच तापमान आणि हीच फट. अख्ख्या मिरचीच्या सालीतून पाणी फार सावकाश जाते, म्हणून तिला उभी चीर द्या. वाळलेली मिरची वाकवताच तुटते. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी ठेवा, ठसका घरभर पसरतो.