जलकुंभ भरल्यावरही पंप का थांबत नाही?
स्वयंचलित नियंत्रकातील एक दोष व त्यावरील उपाय

पाणीपुरवठा योजनांच्या जलकुंभांवर आता अनेक ठिकाणी पातळीमापक यंत्र व पंपाचा वेग कमीजास्त करणारे नियंत्रक बसविलेले असतात. हे नियंत्रक एरवी उत्तम काम करतात. परंतु दीर्घकाळ वीज जाऊन टाकी रिकामी झाली आणि पंप पुन्हा सुरू झाला, की टाकी अपेक्षित पातळीपर्यंत भरूनही पंप पूर्ण वेगाने चालूच राहतो व पाणी ओसंडून वाहू लागते, असा अनुभव पुष्कळदा येतो. पातळीमापक बिघडला असावा, असा पंपचालकाचा समज होतो. वास्तविक पातळीमापक ठीक असतो. दोष असतो तो नियंत्रकाच्या हिशेबात. त्यास तंत्रज्ञ ‘इंटिग्रल वाइंडअप’ म्हणतात. मराठीत त्यास ‘संकलनाचा अतिसंचय’ म्हणता येईल.

हा दोष समजण्यासाठी नियंत्रकाचा हिशेब कसा चालतो ते पाहिले पाहिजे. प्रचलित पीआयडी नियंत्रक तीन अंशांची बेरीज करून पंपाला आज्ञा देतो. पहिला प्रमाण अंश. अपेक्षित पातळी व प्रत्यक्ष पातळी यांत आता जेवढी तूट असेल, त्या प्रमाणात तो असतो. दुसरा संकलन अंश. आजवरची तूट तो वहीतील थकबाकीप्रमाणे साठवीत जातो. तिसरा विकलन अंश तूट किती वेगाने बदलत आहे ते पाहतो. टाकीच्या पातळीसाठी तो बहुधा वापरीत नाहीत, म्हणून येथे पहिल्या दोन अंशांचाच विचार केला आहे. संकलन अंश नसेल तर पातळी अपेक्षेपेक्षा थोडी कमी किंवा जास्तच स्थिरावते. म्हणून तो काढून टाकणे हा उपाय नव्हे.

आता एक उदाहरण घेऊ. टाकीच्या तळाचे क्षेत्रफळ ६० चौरस मीटर आहे. गावाला तासाला ६० घनमीटर पाणी लागते आणि पंप पूर्ण वेगाने तासाला १२० घनमीटर पाणी देतो. अपेक्षित पातळी ३ मीटर असून ३.५ मीटरवर ओव्हरफ्लोची नळी आहे. तुटीच्या प्रत्येक मीटरमागे प्रमाण अंश ५० टक्के असतो. संकलन अंश एक मीटर तूट एक तास टिकली तर ५० टक्क्यांनी वाढतो. नेहमीच्या स्थितीत तूट शून्य असते व संकलन अंश ५० टक्के असतो. त्यामुळे पंप निम्म्या क्षमतेने चालतो, आणि जेवढे पाणी जाते तेवढेच येते.

समजा, वीज गेल्यामुळे पातळी १ मीटरपर्यंत उतरली. नियंत्रकही बंद होता व सुरू होताना त्याच्या स्मरणात पूर्वीचे ५० टक्के कायम होते. वीज येताच तूट २ मीटर असल्याने प्रमाण अंश १०० टक्के होतो. त्यात संकलनाचे ५० मिळवून आज्ञा निघते १५० टक्क्यांची. पण पंप १०० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही. तो आपल्या मर्यादेला टेकलेला असतो. आता टाकी तासाला १ मीटर या वेगाने भरू लागते. या दोन तासांत सरासरी तूट १ मीटर असते. म्हणून संकलन अंश १०० टक्क्यांनी वाढून १५० होतो. येथेच दोषाचे मूळ आहे. पंप अधिक काही करू शकत नसतानाही नियंत्रक थकबाकी वाढवीतच राहिला.

दोन तासांनी पातळी बरोबर ३ मीटर होते. तूट शून्य होते, परंतु आज्ञा अद्याप १५० टक्के आहे. संकलन अंश कमी होण्यास पातळी अपेक्षेच्या वर जाणेच आवश्यक असते. म्हणून पंप पूर्ण वेगाने चालतो आणि अर्ध्या तासात पाणी ३.५ मीटरला पोहोचून वाहू लागते. त्या वेळी आज्ञा सुमारे ११९ टक्के असते. पुढे पातळी तेथेच अडल्याने थकबाकी तासाला २५ टक्के एवढ्याच मंद गतीने फिटते. आज्ञा १०० वर येण्यास आणखी पाऊण तास व तेथून ५० वर येण्यास दोन तास लागतात. या पावणेतीन तासांत सुमारे १०५ घनमीटर, म्हणजे १ लाख ५ हजार लिटर पाणी वाया जाते.

पहिला व सोपा उपाय संकलन गोठविण्याचा आहे. आज्ञा मर्यादेपलीकडे गेली असेल आणि तूट तिला आणखी त्याच दिशेस ढकलीत असेल, तर तेवढा वेळ संकलन थांबवावे. वरील उदाहरणात संकलन अंश ५० वरच राहतो. पातळी २ मीटर होताच आज्ञा १०० टक्क्यांवर येते आणि तेथून पंपाचा वेग उतरू लागतो. पातळी फार तर ३.३ मीटरपर्यंत चढून हळूहळू ३ मीटरवर स्थिरावते. ओव्हरफ्लोपर्यंत ती पोहोचत नाही. यात दिशेची अट मात्र विसरू नये. मर्यादेला टेकताच सरसकट संकलन बंद केले, तर आधीच साठलेली थकबाकी फेडण्याचा मार्गही बंद होतो.

दुसरा उपाय उलट भरपाईचा. नियंत्रकाने मागितलेली आज्ञा आणि पंपाने प्रत्यक्ष पाळलेली आज्ञा यांतील फरक सतत काढून तो संकलन अंशातून ठरावीक गतीने वजा केला जातो. मागणी १५० व पालन १०० असेल, तर ५० चा फरक संकलनाला खाली ओढतो. पंप मर्यादेत आला की फरक शून्य होतो आणि ही व्यवस्था आपोआप निष्क्रिय होते. भरपाईची गती फार मंद असेल तर उपाय निरुपयोगी ठरतो. विकलन अंश वापरात असेल आणि भरपाई फार जलद असेल, तर मापनातील क्षणिक उसळीनेही संकलन अंश विनाकारण पुसला जातो.

दोन्ही उपायांची एक अट समान आहे. खरी मर्यादा नियंत्रकाला ठाऊक असली पाहिजे. पंपाच्या ड्राइव्हमध्ये कमाल वेग ८० टक्क्यांवर बांधला असेल, पण नियंत्रकात मर्यादा १०० नोंदविली असेल, तर ८० ते १०० च्या दरम्यान अतिसंचय निर्वेधपणे चालू राहतो. तसेच वीज गेल्यावर नियंत्रक बॅटरीवर चालत असेल, तर पंप बंद असतानाही थकबाकी वाढत राहते. अशा वेळी पंप बंद असल्याचा संकेत नियंत्रकाला मिळाला पाहिजे व संकलन थांबले पाहिजे.

हा दोष ओळखण्याची खूण आलेखात सापडते. पातळीची रेषा अपेक्षित रेषा ओलांडून वर गेली, तरी पंपाच्या वेगाची रेषा कमाल मर्यादेवर सपाट राहिलेली दिसते. किरकोळ चढउतारांत नियंत्रण उत्तम असते आणि केवळ दीर्घ खंडानंतरच पाणी ओसंडते, ही दुसरी खूण होय. अशा वेळी प्रमाण किंवा संकलनाचे आकडे घटविण्याचा मोह होतो, परंतु त्याने रोजचे नियंत्रण मात्र सुस्त होते. त्याआधी नियंत्रकातील अतिसंचय-प्रतिबंधाची सोय चालू आहे किंवा नाही, आणि त्यात नोंदविलेली मर्यादा पंपाच्या खऱ्या मर्यादेशी जुळते किंवा नाही, एवढे तपासून घ्यावे.