गाडी धुण्याच्या मासिक योजनेचं कॅप्शन

पुण्यातल्या वाकड-बाणेरसारख्या भागात सकाळी कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलात, तर बादली आणि फडकी घेऊन एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे जाणारी मुलं दिसतात. त्यांना नवीन गिऱ्हाईक मिळतं ते सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणाऱ्या एका फोटोमुळे आणि त्याखालच्या चार ओळींच्या कॅप्शनमुळे. फोटोत चकचकीत गाडी असते आणि खाली लिहिलेलं असतं : ‘रोज कार वॉश, फक्त ₹५०० पासून. आजच संपर्क करा.’ महिनाअखेरीस होणारी बहुतेक भांडणं या ओळीत जे लिहिलेलं नसतं त्यावरून होतात.

पहिली गडबड ‘वॉश’ या शब्दापाशीच होते. गाडीमालकाच्या डोळ्यांसमोर फेस आणि पाण्याचा फवारा येतो. धुणारा मात्र रोज ओल्या फडक्याने धूळ पुसणार असतो. पाचशे-सहाशे रुपयांत दुसरं काही परवडतही नाही, आणि रोज शाम्पू लावण्याची गाडीला गरजही नसते. म्हणून योजनांना ‘सिल्व्हर’, ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ अशी नावं देण्यापेक्षा त्या योजनेत काय होणार तेच नाव म्हणून लिहावं : ‘रोज पुसणं’, ‘रोज पुसणं आणि आठवड्यातून एकदा फोम’, ‘याशिवाय महिन्यातून दोनदा आतून व्हॅक्यूम’. नाव वाचताच गिऱ्हाइकाला काम कळतं.

वारांची ओळ मात्र हिशेब मांडूनच लिहायला हवी. समजा, एक मुलगा सकाळी साडेपाच ते साडेनऊ काम करतो. धूळ ओली करून पुसणं, काचा, आरसे आणि फडकं पिळणं धरून एका गाडीला आठ मिनिटं लागतात. चार तासांत तीस गाड्या होतात. त्यांतल्या बारा जणांनी फोमची योजना घेतली आणि एका फोमला अर्धा तास लागला, तर आठवड्याला सहा तास जास्तीचे हवेत. आठवड्यात कामाचे दिवस सहा, म्हणजे रोज दोन गाड्यांचा फोम आणि एक जादा तास. तोही साडेनऊनंतर, जेव्हा बऱ्याच गाड्या ऑफिसला गेलेल्या असतात. सगळ्यांना रविवारचा फोम हवा असतो आणि बाराही गाड्या रविवारी घेणं एका माणसाला अशक्य आहे. तेव्हा ‘फोम आठवड्यातून एकदा’ एवढं लिहून भागत नाही. ‘फोमचा वार नाव नोंदवताना ठरेल, रविवारी फक्त चार गाड्या’ असं लिहिलं, तर पहिले चार जण रविवार घेतील आणि पाचवा आधीच दुसरा वार निवडेल.

सुट्टीचा वारही स्पष्ट लिहावा. सोमवारी सुट्टी धरली, तर महिन्याला साधारण २६ दिवस काम होतं. महिन्याचे ६५० रुपये असतील, तर एका दिवसाचे २५ रुपये झाले. हा आकडा कॅप्शनमध्ये असणं फार उपयोगाचं आहे. मुलगा आजारी पडून चार दिवस आला नाही, तर शंभर रुपये वजा होणार, हे दोघांनाही आधीच माहीत असतं. गाडी मालकच बाहेरगावी घेऊन गेला, तर काय करायचं? त्या वेळी मुलगा आलेला असतो, त्याची जागा राखलेली असते. माझ्या मते सलग सात दिवसांपेक्षा जास्त गाडी बाहेर असेल आणि आधी कळवलं असेल तरच वजावट द्यावी, एकेका दिवसाची नको. नाहीतर रोजची हजेरी मोजण्यातच त्याचा महिना जाईल.

आता सोसायटीची परवानगी. ‘सोसायटी मान्यताप्राप्त’ असे शब्द पुष्कळ ठिकाणी सहज लिहिले जातात. व्यवस्थापक समितीने किंवा सचिवांनी लेखी पत्र दिलं असेल तरच परवानगीचा उल्लेख करावा, आणि पत्रात जेवढं आहे तेवढाच. पत्र बहुधा प्रवेशापुरतं असतं : ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी, गेटच्या अॅपवर नोंद, येण्याजाण्याची वेळ. काम चांगलं होईल याची हमी त्यात सोसायटी देत नाही. ‘मान्यताप्राप्त’ वाचून रहिवासी तसंच समजतो आणि गाडीला ओरखडा आला की सचिवांच्या दारात उभा राहतो.

पाण्याचा प्रश्न याच पत्रात सोडवून घ्यावा. कोणता नळ वापरायचा, पाइप लावायचा की नाही, प्रेशर वॉशरसाठी विजेचा पॉइंट मिळेल का, तळघरात पाणी सांडलं तर ते कुठे जाईल. टँकरवर चालणाऱ्या सोसायट्या पाइपला सरळ नकार देतात, आणि तो योग्यच आहे. बंगळुरूत मार्च २०२४च्या टंचाईत गाड्या धुण्यासाठी पिण्याचं पाणी वापरण्यावर बंदी आली आणि ५,००० रुपये दंड ठरला. कॅप्शनमध्ये ‘एका गाडीला एक बादली, पाइप वापरत नाही’ अशी ओळ असेल, तर समितीचा अर्धा विरोध तिथेच मावळतो. बोअरचं पाणी जड असेल, तर ते उन्हात वाळून काचेवर आणि रंगावर पांढरे ठिपके सोडतं. म्हणून ऊन चढायच्या आत धुणं आणि लगेच पुसणं हा कामाचाच भाग आहे. ओरखडे बहुतेक वेळा पाण्याच्या कमतरतेने आणि एकाच मळक्या फडक्याने येतात : कोरडी धूळ घासली जाते आणि उन्हात रंगावर बारीक गोल रेषा दिसू लागतात. दर पाच-सहा गाड्यांनी फडकं बदलत असाल, तर तेही जरूर लिहा.

व्हॅक्यूमच्या योजनेत गाडी उघडावी लागते, आणि किल्ली हा नाजूक विषय आहे. किल्ली ठेवून घेत नाही, ठरलेल्या वेळी मालकाने उघडून द्यावी, एवढं स्पष्ट असलं की हरवलेल्या गॉगलचा वाद उद्भवत नाही.

पैशांच्या ओळीत बहुतेक जण क्यूआर कोड टाकून मोकळे होतात. कोड स्कॅन केल्यावर पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, आणि ते भावाचं किंवा ठेकेदाराचं असलं की गिऱ्हाईक थबकतं. ते नाव कॅप्शनमध्ये आधीच लिहावं. पैसे आगाऊ की महिना भरल्यावर, कोणत्या तारखेपर्यंत, आणि रोख दिल्यास पावती मिळेल का, हेही लिहावं. यूपीआय ऑटोपे लावलं, तर दरमहा आठवण करण्याचं काम वाचतं. पैसे कापले जाण्याआधी गिऱ्हाइकाला सूचना जाते आणि ते त्याच्या अॅपमधून कधीही बंद करता येतं. ही दुसरी गोष्ट सांगितल्याशिवाय नव्या माणसावर कुणी विश्वास टाकत नाही.

हे सगळं जोडलं, तर कॅप्शन असं होतं :

‘तुमच्या पार्किंगमध्येच गाडीची सफाई. मंगळवार ते रविवार, सकाळी ५.३० ते ९.३०. सोमवारी सुट्टी.
रोज पुसणं : छोटी गाडी ₹५५०, सेडान ₹६५०, एसयूव्ही ₹७५०. आठवड्यातून एक फोम : ₹३०० जादा, साडेनऊनंतर, वार आधी ठरवून, रविवारी फक्त चार गाड्या. महिन्यातून दोनदा आतून व्हॅक्यूम : आणखी ₹३००, किल्ली मालकाकडेच.
आम्ही न आल्यास त्या दिवसाचे पैसे वजा. गाडी सात दिवसांहून जास्त बाहेर असल्यास आधी कळवा.
समितीचं प्रवेशाचं पत्र आहे, गेटवर पाहायला मिळेल. एका गाडीला एक बादली, पाइप नाही.
पैसे महिन्याच्या ५ तारखेपर्यंत आगाऊ. यूपीआय किंवा रोख, पावती मिळेल. स्कॅन केल्यावर दिसणारं नाव खाली दिलं आहे.’

ग्रुपवर मोठा मजकूर अर्धा झाकला जातो, म्हणून जागा आणि वेळ पहिल्याच ओळीत घेतली आहे. जूनमध्ये यात एक ओळ वाढवावी लागेल : उघड्यावर उभ्या गाडीला पावसाच्या दिवशी बाहेरून पुसणार नाही, त्याऐवजी आतल्या काचा आणि मॅट साफ होतील.