बेअरिंगला लोणी, टॅपेटला रेशीम

चिनी पॉवर वीडरसोबत आलेल्या इंग्रजी पुस्तिकेत ‘बेअरिंगमध्ये लोणी भरा’ असं वाक्य सापडलं, तर हसून पुढे जायला हरकत नाही. चिनी भाषेत ग्रीसला बोलताना ‘ह्वांगयौ’ म्हणतात, शब्दशः पिवळं तेल. तोच शब्द स्वयंपाकघरात लोण्यासाठी चालतो. भाषांतर करणाऱ्याने शब्दकोशातला पहिला अर्थ उचलला, एवढंच. बेअरिंगला लोणी कोणी लावत नाही, त्यामुळे अशा चुकीने नुकसान होत नाही. नुकसान करते ती चूक, जी वाचताना अगदी बरोबर वाटते.

मराठीत अशी पुस्तिका आणायची तर हातात बहुधा दोन मजकूर असतात: मूळ चिनी आणि त्याचं इंग्रजी. चिनी वाचता येत नाही म्हणून आपण इंग्रजीला मूळ मानतो, आणि घोळ तिथेच सुरू होतो. ते इंग्रजी पुष्कळदा अशा माणसाने केलेलं असतं, ज्याने ते मशीन कधी उघडून पाहिलेलं नसतं. त्याचं सुबक मराठी केलं, की मूळ वाक्यातला संशय पुसला जातो आणि चूक तेवढी शिल्लक राहते.

वीडरवरच्या एका लहान डिझेल इंजिनाचं उदाहरण घेऊ. त्याच्या अंगावर १८६ एफ असं लिहिलेलं असतं. चिनी पद्धतीने हे नाव वाचता येतं: १ म्हणजे एक सिलिंडर, ८६ म्हणजे सिलिंडरचा ८६ मिलिमीटर व्यास, आणि एफ म्हणजे हवेने थंड होणारं. या इंजिनाचे टॅपेट सेट करायची सूचना इंग्रजीत साधारण अशी उतरलेली दिसू शकते: ‘थंड अवस्थेत व्हॉल्व्हची फट १५ रेशीम डावी-उजवी असावी.’

यातलं ‘डावी-उजवी’ लगेच सुटतं. चिनी भाषेत आकड्यानंतर ‘डावी-उजवी’ आलं, की त्याचा अर्थ ‘सुमारे’. ‘रेशीम’ मात्र अवघड जागेवर बसलंय. छापील पुस्तिकेत सहसा मिलिमीटरच असतात, पण लहान कारखान्यांच्या पत्रकात किंवा तिथल्या मेकॅनिकच्या निरोपात ‘स’ हे बोलीतलं माप येतं. त्या अक्षराचा एरवीचा अर्थ रेशीम किंवा बारीक धागा. वर्कशॉपमध्ये त्याचा अर्थ मिलिमीटरचा शंभरावा भाग. म्हणजे १५ ‘स’ बरोबर ०.१५ मिलिमीटर.

आता आपल्याकडचा मेकॅनिक काय करील ते पाहा. धाग्याचं ‘सूत’ केलं तर तो हसेल, कारण आपलं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, तीन मिलिमीटरहून जास्त. पंधरा सुतांची फट कुठल्याच टॅपेटला नसते. पण भाषांतरकाराने एकक गाळून नुसतं ‘फट १५ ठेवा’ लिहिलं, तर तो मुकाट्याने पंधरा थाऊ समजेल. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. पंधरा थाऊ म्हणजे ०.३८ मिलिमीटर. हवी त्याच्या अडीचपट. इंजिन सुरू होईल, पण टॅपेट खडखडतील, व्हॉल्व्ह पुरेसा उघडणार नाही आणि जोर कमी पडेल. शेतकरी म्हणेल, चिनी मालच तसला! याउलट फट फार कमी ठेवली, तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्हचा दांडा लांबतो, व्हॉल्व्ह आपल्या सीटवर नीट बसत नाही, कॉम्प्रेशन गळतं आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. हे मात्र लगेच कळत नाही.

म्हणून मराठी वाक्यात आकडा आणि एकक दोन्ही लिहावेत, आणि फट कशी तपासायची तेही: ‘इंजिन थंड असताना टॅपेटची फट सुमारे ०.१५ मि.मी. (जवळपास ६ थाऊ) ठेवा.’ त्याच्या आधीच्या वाक्यात पिस्टन ‘वरच्या थांब-बिंदूवर’ आणायला सांगितलेलं असतं. पिस्टन दर चक्रात दोनदा वर येतो आणि त्यातला एकच प्रसंग कामाचा, कॉम्प्रेशनचा. तो ओळखायची खूण मेकॅनिकला माहीत असते: दोन्ही रॉकर बोटाने किंचित हलतात. मूळ चिनीत ही खूण नसेल, तरी मी ती मराठीत घालते. पुस्तिका वाचणाऱ्याला मशीन चालवायचं असतं, चिनी मजकुराशी इमान राखायचं नसतं.

विजेवरच्या मशीनमध्ये यापेक्षा वाईट शब्द म्हणजे ‘ओपन’. चिनी ‘खाय’ म्हणजे उघडणं, आणि दिवा किंवा मशीन चालू करणंही. त्यामुळे इंग्रजीत ‘ओपन द पॉवर’ येतं, अर्थ ‘वीज चालू करा’. आपल्या इलेक्ट्रिशियनच्या भाषेत मात्र सर्किट ओपन म्हणजे वीज तोडलेली. त्याच चिनी भाषेत ‘त्वान-खाय’ हा जोडशब्द आला, की त्याचा अर्थ तोडणं, म्हणजे वीज बंद. इंग्रजीत या दोन्हींचं ‘ओपन’ होऊ शकतं. कव्हर काढण्याआधी ‘मेन स्विच ओपन करा’ असं वाक्य दिसलं, की इंग्रजी बाजूला ठेवून चिनी ओळीत ‘खाय’च्या आधी दुसरं अक्षर आहे का, ते पाहावंच लागतं. अर्थ लावता आला नाही, तरी दोन ओळींतली अक्षरं सारखी आहेत की वेगळी, एवढं डोळ्याला कळतं. मराठीत ‘उघडा’ हे क्रियापद फक्त झाकण आणि कॉकसाठी ठेवावं. विजेला ‘चालू’ आणि ‘बंद’ यांपलीकडे काही नको.

तिसरी अडचण इंग्रजी ‘शुड’ची. चिनी तांत्रिक लिखाणात ‘यिंग’ म्हणजे करायलाच हवं, आणि ‘यी’ म्हणजे केलं तर बरं. त्यांच्या मानकांच्या नियमांतच हा फरक ठरवून दिला आहे. पुस्तिकेतल्या इंग्रजीत दोघांचंही ‘शुड’ होतं, आणि मराठीत ‘करावे’. मग ‘पट्ट्याचं गार्ड बसवावे’ आणि ‘मशीन रोज पुसावे’ ही एकाच वजनाची वाक्यं वाटतात. गार्डच्या वाक्यात मी ‘गार्ड नसेल तर मशीन चालू करू नका’ असंच लिहिते.

मात्र चिनी मजकूरही डोळे मिटून मानायचा नाही. तो पुष्कळदा त्यांच्या देशातल्या मशीनसाठी छापलेला असतो. तिथे थ्री-फेज वीज ३८० व्होल्टची आणि आपल्याकडे प्रचलित ४१५ची. मूळात ३८० आहे म्हणून मराठीत ३८० लिहिलं, तर भाषांतर बरोबर आणि माहिती चूक. इथे शेवटचा शब्द मोटरवरच्या नेमप्लेटचा. शिवाय एकच चित्र तीन मॉडेलांना वापरलेलं असतं, म्हणून मॉडेलचा क्रमांक आधी जुळवायचा.

एवढं करूनही एखादं वाक्य सुटत नाही. तेव्हा कारखान्याला ‘याचा अर्थ काय’ असं विचारण्यात फार अर्थ नसतो. उत्तरात तेच इंग्रजी परत येतं. त्या भागाचा फोटो काढायचा, बाण दाखवायचा, आणि आकड्यात विचारायचं: ‘इथे ०.१५ मि.मी. की ०.३८?’ उत्तर येईपर्यंत मराठी पुस्तिकेत ती जागा कोरी सोडायची, आणि खाली लिहायचं: ‘हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या.’