डॉलरचे बीजक आणि रुपयांची खतावणी

बेळगावच्या एखाद्या ओतकाम कारखान्याने परदेशी ग्राहकास माल धाडला आणि बीजक १०,००० डॉलरांचे केले, तर वही मात्र रुपयांतच लिहावी लागते. येथूनच हिशेबनिसाची अडचण सुरू होते. कारण डॉलरांचा आकडा स्थिर राहतो आणि रुपयांचा बदलत जातो.

समजा, विक्री १० फेब्रुवारीस झाली आणि त्या दिवशीचा दर ८३ रुपये होता. रोजकीर्दीत ग्राहकाच्या नावे ८,३०,००० रुपये व विक्रीखाती जमा तेवढेच. हा विक्रीचा आकडा पुढे कधीही बदलावयाचा नसतो. पैसे आल्यावर विक्रीच दुरुस्त करण्याची चूक पुष्कळांकडून होते. परंतु माल विकणे ही एक घटना आणि उधारीच्या काळात दर हलणे ही दुसरी, तेव्हा दोहोंची खाती वेगळीच हवीत.

३१ मार्च उजाडला तरी पैसे आले नाहीत आणि दर ८४ झाला. लेखामानक ११ प्रमाणे परकीय चलनातील येणे ताळेबंदाच्या दिवशीच्या दराने मांडावे लागते. म्हणून ग्राहकाच्या नावे आणखी १०,००० रुपये लिहून तेवढाच विनिमय-नफा नफातोटा पत्रकात घेतला जातो. हातात दमडी नसताना नफा दाखविणे जुन्या वळणाच्या व्यापाऱ्यास खटकेल. पण दर घसरला असता तर तोटाही असाच दाखवावा लागला असता.

२० एप्रिलला रक्कम आली. बँकेचा दर ८२.५० होता, मात्र वाटेतील बँकेने ३० डॉलर कापल्याने ९,९७० डॉलरच पोहोचले. बँकखात्यात ८,२२,५२५ रुपये जमा झाले. कापलेल्या ३० डॉलरांचे २,४७५ रुपये बँकखर्चात लिहावयाचे. दोन्ही मिळून ८,२५,००० होतात. ग्राहकाकडे येणे होते ८,४०,०००. उरलेले १५,००० हा विनिमय-तोटा. दोन्ही वर्षे एकत्र पाहिली, तर ८३ वरून ८२.५० वर आलेल्या दराचा खरा तोटा ५,००० रुपयेच आहे.

हिशेब चुकला की नाही, हे ओळखण्याची खूण ग्राहकाच्या खात्यातच असते. त्या खात्यात डॉलरांचा एक व रुपयांचा एक असे दोन रकाने ठेवावेत. डॉलरांची बाकी शून्य असून रुपये उरले असतील, तर तो निव्वळ विनिमयाचा फरक होय. डॉलरही उरले असतील, तर ग्राहकाने कमी पैसे पाठविले किंवा मध्येच कोणी कापून घेतले. त्याचा शोध घेतल्यावाचून ती रक्कम विनिमय-तोट्यात ढकलू नये. घाईच्या वेळी नेमके हेच घडते.

माल धाडण्यापूर्वी आलेल्या आगाऊ रकमेला मात्र ३१ मार्चचा फेरहिशेब लागत नाही. तेथे देणे असते ते मालाचे, डॉलरांचे नव्हे.