दहापट पॉइंट, चाळीस रुपये

एका सुपरमार्केटच्या दारात फलक लागला आहे : ‘दिवाळीत प्रत्येक खरेदीवर दहापट पॉइंट!’ उद्गारचिन्हाच्या डोक्याशी एक बारीक फुली आहे. ती फुली शोधत फलकाच्या तळाशी गेलात, की अटींच्या अकरा ओळी सापडतात. फलक मराठीत, अटी मात्र इंग्रजीत. हे सुपरमार्केट मी या लेखापुरतं रचलं आहे, पण त्याच्या अटींमधलं काहीही मला रचावं लागलेलं नाही. लॉयल्टी कार्ड खिशात असलेल्या कुणालाही त्या ओळखीच्या वाटतील.

अटींचा गोषवारा असा : योजना फक्त ‘पात्र व्यवहारां’साठी आहे. पात्र व्यवहार म्हणजे कंपनीच्या धोरणानुसार पात्र ठरलेला, किमान १,५०० रुपयांचा व्यवहार. तेल, तूप, साखर, बाळाचं अन्न आणि गिफ्ट कार्ड यांवर पॉइंट नाहीत. दर पुरत्या १०० रुपयांना १० पॉइंट, एका सभासदाला महिन्याला जास्तीत जास्त २००. पॉइंट ४५ दिवसांनी जमा होतील आणि बिलाच्या तारखेपासून ९० दिवसांनी बाद होतील. खात्यात किमान २५० पॉइंट असल्याशिवाय ते वापरता येणार नाहीत. आणि कंपनी कोणतीही पूर्वसूचना न देता योजना बदलू किंवा रद्द करू शकते. एका पॉइंटची किंमत २५ पैसे, हे या अकरा ओळींत कुठेच नाही. ते ॲपमध्ये, तिसऱ्या पानावर आहे.

आता एक बिल घेऊ. ५ नोव्हेंबरला एका घरानं २,४८० रुपयांचा किराणा भरला. फलक वाचून त्यांना वाटलं, २४८ पॉइंट तरी नक्कीच. पण त्यात ७२० रुपयांचं तेल आणि ९० रुपयांची साखर होती. उरले १,६७० रुपये. त्यातली पुरती शेकडी १६, म्हणून पॉइंट १६०, म्हणजे ४० रुपये. बिलाच्या मानानं हे जेमतेम १.६ टक्के. पॉइंट खात्यावर येणार २० डिसेंबरला आणि बाद होणार ३ फेब्रुवारीला. ९० दिवसांची मुदत अर्धी तर वाट पाहण्यातच गेली. आणि २५० चा उंबरठा गाठलेला नाही, म्हणजे आधीची शिल्लक नसेल तर हे ४० रुपयेही हाती येत नाहीत.

इथे अटी लिहिणाऱ्यांच्याही लक्षात न आलेली एक गोष्ट आहे. महिन्याची कमाल २०० पॉइंटांची आणि वापराची किमान २५० ची. नवा सभासद या योजनेतून कितीही खरेदी करो, केवळ तिच्या जोरावर त्याला एक रुपयाही मिळू शकत नाही! मुद्दाम फसवण्यासाठी कुणी असं केलं असेलच असं नाही. कमाल मर्यादा मार्केटिंगनं ठरवली, कारण त्यांना दिवाळीचं बजेट सांभाळायचं होतं. किमान मर्यादा हिशोब खात्यानं काही वर्षांपूर्वी घातली होती. ‘पूर्वसूचना न देता’ हे वकिलांचं. तीन खात्यांनी तीन वेळी लिहिलेला मजकूर एकाखाली एक चिकटवला गेला आणि सलग कुणीच वाचला नाही. अटी क्लिष्ट होतात त्या अशा.

म्हणून असा मजकूर नव्यानं लिहायला घेताना वाक्यं तोडण्यापासून सुरुवात करू नये. आधी वरचं वाक्य तपासावं. ‘प्रत्येक खरेदीवर’ हे खोटं आहे, आणि खालच्या निम्म्या अटी ते खोटं मागे घेण्यासाठीच आहेत. वर जेवढं जास्त बोललात, तेवढं खाली परत घ्यावं लागतं. वरचं वाक्य खरं केलं, की त्या अटींचं काम उरत नाही. ‘दहापट’ हाही शब्द खोटा नसला तरी पोकळ आहे. कशाच्या दहापट? २५ पैशांच्या. गिऱ्हाईक हिशोब रुपयांत करतं, तर फलकानंही रुपयांत बोलावं : शंभराला अडीच रुपये.

कायद्याचाही रोख इकडेच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यांनुसार खुलाशानं मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये, महत्त्वाची माहिती लपवता कामा नये, आणि दावा ज्या भाषेत, त्याच भाषेत खुलासा असला पाहिजे. मराठी फलकाखाली इंग्रजी अटी या शेवटच्या मुद्द्यावरच अडतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत.

यानंतर प्रत्येक अटीला विचारावं, तू इथे का आहेस? काहींचं उत्तर चोख असतं. तेल-साखरेत दुकानदाराला सुटतंच थोडं, त्यावर अडीच टक्के देणं परवडत नाही. बाळाच्या अन्नाचं कारण तर कायदेशीर आहे : १९९२ च्या कायद्यानं शिशुदुग्धपर्याय आणि शिशुआहाराच्या विक्रीसाठी प्रलोभन दाखवायला मनाई केली आहे. अशा अटी ठेवाव्यात, आणि लपवू तर मुळीच नयेत. ‘निवडक मालावर’ हे दोनच शब्द सुटसुटीत दिसतात खरे, पण काय वगळलंय ते सांगतच नाहीत. इथे पाच नावं लिहिण्याची लांबी परवडते. बिलावर त्या मालापुढे फुली छापली, तर आणखी बरं.

काही अटी मात्र उत्तर देऊ शकत नाहीत. ४५ दिवस कशासाठी? माल परत केला तर पॉइंट काढून घेता यावेत म्हणून, असं सांगतात. पण माल परत करायची मुदत सात दिवसांची आहे. मग दहा दिवस पुरेत. ‘९० दिवसांनी बाद’ ऐवजी एकच तारीख द्यावी. दिवस मोजत बसायला गिऱ्हाईक काही व्याज आकारणारं नाही.

मुदत असूच नये, असं मी म्हणणार नाही. न वापरलेला पॉइंट हे कंपनीच्या डोक्यावरचं देणं असतं. इंड-एएस ११५ हे लेखामानक ज्यांना लागू आहे, त्या कंपन्यांना विक्रीच्या रकमेतला काही भाग या पॉइंटांपोटी बाजूला ठेवावा लागतो. पॉइंट वापरला गेला किंवा बाद झाला, की मगच तो उत्पन्नात धरता येतो. कायमचं देणं कुणालाच नको असतं, तेव्हा मुदत ठेवणं रास्त आहे. पण इथेच एक अवघड सत्यही दडलेलं असतं. बऱ्याच योजनांचं गणित लोक पॉइंट वापरणार नाहीत या अंदाजावर बसवलेलं असतं. अटी समजतील अशा लिहिल्या, की लोक पॉइंट वापरतात आणि खर्च वाढतो. हिशोब खात्याचा विरोध तिथूनच येतो. त्यावर उपाय मजकुरात नाही, आकड्यात आहे. दहापट परवडत नसेल तर सहापट जाहीर करावं आणि सहापट द्यावं.

‘पूर्वसूचना न देता बदलू’ या अटीचं काय होतं, ते कॅनडात दिसलं. एअर माइल्स या तिथल्या मोठ्या योजनेनं माइल्स पाच वर्षांनी बाद होतील असं २०११ मध्ये जाहीर केलं. २०१६ च्या अखेरीस पहिली तारीख जवळ येताच एवढा गदारोळ झाला, की कंपनीनं १ डिसेंबर २०१६ ला तो नियमच मागे घेतला. त्याच महिन्यात ऑन्टारिओ प्रांतानं केवळ काळ लोटला म्हणून पॉइंट बाद करायला मनाई करणारा कायदा केला. आपल्याकडे असा कायदा नाही. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘अन्यायकारक करारा’ची व्याख्या आहे. वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा हक्क राखणं हे त्यातलं एक उदाहरण, आणि अशी तक्रार राज्य आयोगाकडे जाते. योजना बदलण्याचा हक्क कंपनीला हवाच. मिळालेल्या पॉइंटांना तो लागू होणार नाही, एवढं लिहिलं की पुरतं.

आता नवा मजकूर :

‘१ ते ३० नोव्हेंबर : किराण्यावर दर पुरत्या १०० रुपयांना १० पॉइंट, म्हणजे अडीच रुपये. तेल, तूप, साखर, बाळाचं अन्न, गिफ्ट कार्ड सोडून.

हा माल धरून एकूण बिल किमान १,५०० रुपयांचं हवं. या महिन्यात एका सभासदाला जास्तीत जास्त २०० पॉइंट, म्हणजे ५० रुपये. पॉइंट दहा दिवसांत जमा होतात आणि ३१ मार्चपर्यंत कोणत्याही बिलात, कितीही वापरता येतात. माल परत केलात तर त्यावरचे पॉइंट कमी होतात. योजना मध्येच थांबली तरी तोवरचे पॉइंट याच भावानं, याच तारखेपर्यंत चालतील.

उदाहरण : २,४८० रुपयांच्या बिलात ८१० रुपयांचं तेल-साखर असेल, तर उरलेल्या १,६७० रुपयांवर १६० पॉइंट, म्हणजे ४० रुपये.’

‘हा माल धरून’ हे शब्द सुचले ते मजकूर तपासताना. तपासणीची रीत सोपी आहे. पाच बिलं तयार करायची, ती कचेरीबाहेरच्या पाच-सहा जणांना अटींसकट द्यायची आणि प्रत्येक बिलावर किती पॉइंट ते लिहून मागायचं. ‘समजलं का?’ असं विचारू नये. त्यावर सगळे ‘हो’च म्हणतात. उत्तरं वेगवेगळी आली, की चूक वाचणाऱ्याची नसते, वाक्याची असते. समजा बिल २,१०० चं आहे आणि त्यात तेच ८१० चं तेल-साखर. पात्र माल उरतो १,२९० चा. मग १,५०० ची अट पुरी झाली की नाही? जुन्या मजकुरातून दोन्ही उत्तरं निघतात. काउंटरवरची मुलगी एकूण बिल बघून ‘मिळतील’ म्हणते, कॉम्प्युटर पात्र माल मोजून देत नाही, आणि रांगेत भांडण लागतं. म्हणून एक प्रत कॅशियरला आणि एक सॉफ्टवेअर बघणाऱ्यालाही द्यावी. तिघांचे आकडे जुळेपर्यंत फलक छापू नये.

सविस्तर नियमावली वेगळी ठेवायला हरकत नाही. बनावट बिलं, एकाच घरातली चार खाती, सभासदाचा मृत्यू अशा क्वचित येणाऱ्या गोष्टी तिच्यात राहू द्याव्यात. पण फलकावरचा एकही शब्द तिनं खोडता कामा नये.

दुकानदार हे करतील तेव्हा करतील. तोवर तुम्ही काउंटरवर तीन गोष्टी विचारा : एका पॉइंटचे किती पैसे, किमान किती पॉइंट झाल्यावर वापरता येतील, आणि कुठल्या तारखेपर्यंत. फलक एक सांगत असेल आणि बिल दुसरंच, तर दोन्हींचे फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीतही तक्रार नोंदवता येते.